डोक्याला मार, थांबलेला सामना आणि प्रशिक्षकाचा अहवाल

प्रश्न: मी कोल्हापुरात एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आंतरशालेय फुटबॉल सामन्यात आमच्या मुलाच्या डोक्याला मार लागला. तो बेशुद्ध पडला नव्हता, ‘मी ठीक आहे’ असेच म्हणत होता, तरी मी त्याला बाहेर घेतले आणि सामना थांबवला. आता मुख्याध्यापकांनी लेखी अहवाल मागितला आहे. सीटी स्कॅन नॉर्मल आल्यामुळे पालक विचारत आहेत की एवढे सगळे करायची गरज काय होती. अहवाल नेमका कसा लिहावा?

उत्तर:

‘मी सामना थांबवला’ हे वाक्य अहवालात लिहू नका. खेळ थांबवण्याचा अधिकार पंचांचा असतो. खेळाडूला गंभीर दुखापत झाली आहे असे पंचांना वाटले, तर नियम ५ प्रमाणे ते खेळ थांबवतात आणि खेळाडूला मैदानाबाहेर नेण्याची व्यवस्था पाहतात. प्रशिक्षकाच्या हातात दोन गोष्टी असतात: पंचांचे लक्ष वेधून खेळ थांबवण्याची विनंती करणे आणि आपल्या खेळाडूला बाहेर काढणे. तुम्ही ज्याला एक निर्णय समजत आहात, ते बहुधा तीन वेगळे निर्णय आहेत. पहिला, त्या क्षणी खेळ थांबवणे. दुसरा, मुलाला उरलेल्या सामन्यासाठी बाहेर ठेवणे. आणि तिसरा, सामना पुन्हा सुरू न करणे. तिघांची कारणे वेगळी असतात आणि ते घेणारी माणसेही वेगळी असतात. अहवालात ते एकत्र झाले की वाचणाऱ्याला वाटते, एका मुलाच्या डोकेदुखीसाठी बावीस मुलांचा सामना बंद केला, आणि मग वाद सुरू होतो.

काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर घडलेला प्रसंग आणि मी लिहिलेला अहवाल येथे तपशिलाने मांडतो, म्हणजे हे तीन निर्णय कागदावर कसे वेगळे राहतात ते दिसेल.

सामना पंधरा वर्षांखालील मुलांचा होता, तीस-तीस मिनिटांच्या दोन डावांचा. मैदान मुरमाचे आणि कडक होते. दुसऱ्या डावाच्या चौदाव्या मिनिटाला आमच्याविरुद्ध कॉर्नर किक झाली. आमचा चौदा वर्षांचा मिडफिल्डर आणि समोरचा एक मुलगा एकाच चेंडूसाठी उडाले, चेंडू दोघांच्याही डोक्यांवरून गेला आणि त्यांची डोकी एकमेकांवर आदळली. समोरचा मुलगा कपाळ धरून लगेच बसला. आमचा मुलगा खाली येताना हात न टेकता कुशीवर पडला. हात न टेकणे ही बारीक गोष्ट वाटते, पण ती फार बोलकी आहे, कारण शुद्धीत असलेला माणूस पडताना आपोआप हात पुढे करतो. तो चार-पाच सेकंद हलला नाही. मग स्वतःच गुडघ्यांवर आला, शिनगार्ड नीट केले, उभा राहिला आणि आमच्या बचावफळीकडे जायचे सोडून समोरच्या संघाच्या मुलांमध्ये जाऊन उभा राहिला.

मी हात वर करून पंचांना हाक मारली. त्यांनीही ते पाहिले होते, त्यांनी शिट्टी वाजवली. परवानगी मिळताच मी आत गेलो आणि सर्वांत आधी मान दुखते का, हातापायाला मुंग्या येतात का, हे विचारले. मानेत दुखत असते किंवा हातापायांत जोर नसता, तर त्याला उठवायचे नव्हते. होता तसाच स्थिर ठेवून रुग्णवाहिकेची वाट पाहावी लागली असती. दोन्हीची उत्तरे नाही अशी आली. मग मी विचारले, हा कितवा डाव चालू आहे? तो म्हणाला, “पहिला.” शेवटचा गोल कोणी केला, हे मात्र त्याने बरोबर सांगितले. आणि लगेच पुढे म्हणाला, “काय झालं न्हाई सर, खेळतो की मी.”

त्याच वेळी कठड्याजवळून मोठ्या माणसांचे आवाज येत होते, “उठ की रं, काय होत न्हाई!” आपल्याकडचे बरेच फुटबॉल संघ तालमींच्या नावाने उभे आहेत, आणि मातीत पडल्यावर अंग झटकून उठायचे ही शिकवण मुलांना लहानपणापासून मिळालेली असते. त्या शिकवणीबद्दल मला आदरच आहे. पण ती गुडघ्यासाठी आणि खांद्यासाठी आहे. मेंदूला हादरा बसलेल्या मुलाला आपण ठीक आहोत की नाही हे ठरवता येत नाही, कारण ठरवायचे ज्याने, त्यालाच मार लागलेला असतो. म्हणून ‘मी ठीक आहे’ हे त्याचे वाक्य अहवालात त्याच्याच शब्दांत जरूर लिहावे, पण निर्णयाचा आधार म्हणून लिहू नये.

आता अहवालाची भाषा. पहिल्या भागात मी फक्त दिसलेले, ऐकलेले आणि वेळ एवढेच लिहिले, ते असे:

“दुसऱ्या डावाच्या १४व्या मिनिटाला (पंचांच्या घड्याळाप्रमाणे) कॉर्नर किकवर उडी घेताना खेळाडूच्या डोक्याची उजवी बाजू प्रतिस्पर्धी खेळाडूच्या कपाळावर आदळली. खेळाडू हात न टेकता डाव्या कुशीवर पडला. अंदाजे चार ते पाच सेकंद हालचाल दिसली नाही. मी सुमारे पंचवीस मीटरवर होतो. डोळे उघडे होते की मिटलेले, हे मला दिसले नाही. स्वतः उठल्यावर तो प्रतिस्पर्धी खेळाडूंमध्ये जाऊन उभा राहिला. ‘कितवा डाव?’ या प्रश्नाला ‘पहिला’ असे उत्तर दिले. मान दुखत नाही व मुंग्या नाहीत, असे त्याने सांगितले.”

डोळे दिसले नाहीत, हे वाक्य मी मुद्दाम ठेवले. ‘बेशुद्ध झाला नाही’ असे ठामपणे लिहिण्याइतका मी जवळ नव्हतो. तुमच्या प्रश्नातही ‘बेशुद्ध पडला नव्हता’ असे आले आहे. मार लागल्यापासून तुमची नजर सतत त्याच्यावर होती का, हे स्वतःला विचारा आणि नसेल तर तसेच लिहा. तसे पाहिले तर त्या मुद्द्यावर फारसे काही अवलंबून नाही. कन्कशन, म्हणजे डोक्याला किंवा अंगाला बसलेल्या धक्क्याने मेंदूच्या कामात होणारा बिघाड, यात बहुतेक वेळा शुद्ध जातच नाही.

या भागात दोन शब्द टाळा. एक ‘किरकोळ’. हा शब्द आपण सवयीने वापरतो, पण तो दुखापतीचे मोजमाप आहे आणि ते मोजमाप डॉक्टरांचे काम आहे. दुसरा ‘चक्कर’. मराठीत ‘चक्कर आली’ म्हणजे भोवताल फिरल्यासारखे वाटले, तोल गेला, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा माणूस चक्क बेशुद्ध पडला, यांपैकी काहीही असू शकते. डॉक्टरांना या चार गोष्टी चार वेगळ्या ठिकाणी नेतात. मुलगा ‘गरगरतंय’ म्हणाला असेल तर ‘गरगरतंय’ असेच लिहा. ‘डोस्कं जड झालंय’ म्हणाला असेल तर तेच लिहा. तुम्हाला त्याचा तोल जाताना दिसला असेल, तर चालताना कोणत्या बाजूला गेला तेही लिहा.

कन्कशन झाले, असेही लिहू नका. ‘कन्कशनचा संशय’ एवढेच आपण म्हणू शकतो, आणि मुलाला बाहेर ठेवण्यासाठी तेवढेच पुरेसे असते. पालकांना नीट समजावून सांगायची गोष्ट हीच आहे. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनंतर २०२३ मध्ये प्रशिक्षक, शिक्षक आणि पालकांसाठी सीआरटी ६ ही छोटी ओळखपत्रिका प्रसिद्ध झाली. डॉक्टर नसलेल्या माणसाने काय पाहायचे, हे तिच्यात दिले आहे. तिचा सांगावा असा की संशय आला तर खेळाडूला लगेच बाहेर घ्यावे आणि त्याची वैद्यकीय तपासणी झाल्याशिवाय त्याला खेळायला परत पाठवू नये. डाव कितवा, गोल कोणाचा, मागचा सामना कोणाशी, हे प्रश्नही त्या पत्रिकेत आहेत, मात्र बारा वर्षांवरील मुलांसाठी. त्यांचा उपयोग एकाच दिशेने होतो. उत्तर चुकले तर संशय बळावतो, पण सगळी उत्तरे बरोबर आली म्हणून संशय मिटत नाही. माझ्या मुलाने गोल करणाऱ्याचे नाव बरोबर सांगितले होते, तरी मी त्याला बाहेर घेतले. त्याने दोन्ही उत्तरे बरोबर दिली असती, तरीही बाहेरच घेतले असते, कारण तो पडला कसा आणि उठून गेला कुठे, हे मी पाहिले होते.

एवढी कडक भूमिका का, याचे कारण अहवालात दोन वाक्यांत द्यावे. मेंदू सावरलेला नसताना दुसरा मार बसला, तर लक्षणे लांबतात. आणि क्वचित, विशेषतः किशोरवयीन मुलांत, मेंदूला झपाट्याने सूज येऊन जीव जातो. शिवाय लक्षणे कधी कधी काही तासांनी, एखाद्या वेळी दुसऱ्या दिवशीही दिसू लागतात. म्हणजे सामना संपेपर्यंत मुलगा ठीक दिसणे हा पुरावा होत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच धडकेनंतर मी एका मुलाच्या डोक्यावर पाणी मारून त्याला परत खेळायला लावले होते. त्याने वीस मिनिटांनी गोल केला आणि आम्ही जिंकलो. घरी निघताना त्याने मला विचारले, “सर, आपला गोल कुणी मारला?” त्या रात्री मला झोप आली नाही. त्या सामन्याच्या नोंदवहीत माझ्या अक्षरात ‘किरकोळ मार, खेळ पूर्ण केला’ असे लिहिलेले आजही आहे.

आता तिसरा निर्णय. संशयित कन्कशनमुळे एक खेळाडू बाहेर जातो, सामना संपत नाही. पंचांनी थांबवलेला खेळ सोडलेल्या चेंडूने, म्हणजे ड्रॉप बॉलने, पुन्हा सुरू होतो आणि बदली खेळाडू आत येतो. बदल्या संपल्या असतील तर संघाने दहा जणांनिशी खेळावे. त्यासाठी मुलाला आत ठेवण्याचा विचारही करू नये. १ जुलै २०२४ पासून खेळाच्या नियमांत कन्कशनसाठी जादा कायमस्वरूपी बदलीची तरतूद आली आहे, पण ती लागू करायची की नाही हे प्रत्येक स्पर्धेच्या आयोजकांवर असते. तुमच्या स्पर्धेच्या पत्रकात ती होती का, हे पाहून अहवालात लिहा.

आमच्या सामन्यात खेळ खरोखरच ड्रॉप बॉलने पुन्हा सुरू झाला होता. बाकावर बसलेल्या मुलाजवळ मी राखीव गोलरक्षकाला बसवले आणि बोलणे अडखळले, वांती झाली किंवा झोप येऊ लागली तर ताबडतोब मला हाक मार, असे सांगितले. प्यायला पाणी मागितले तेव्हा घोटभर दिले. डोक्यावर पाणी ओतले नाही, गोळी दिली नाही. आठ-दहा मिनिटांनी उजेड डोळ्यांना टोचतो म्हणून तो टॉवेल तोंडावर घेऊन बसला. डोकेदुखी आधी ‘थोडी’ होती, ती ‘लई’ झाली. मग त्याला वांती झाली. वांती आणि वाढत जाणारी तीव्र डोकेदुखी ही धोक्याची चिन्हे आहेत. तशीच झटके येणे, एकाची दोन दिसणे, हातापायातला जोर जाणे, शुद्ध हरपत जाणे आणि चिडचिड किंवा गोंधळ वाढत जाणे हीसुद्धा. यांपैकी एकही दिसले की १०८ ला फोन करायचा. मी तेच केले आणि त्याच्या आईला कळवले.

एका सद्गृहस्थांनी मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्यात सोडतो म्हणून सांगितले. त्यांचा हेतू चांगलाच होता. मी नम्रपणे नकार दिला, कारण ज्याचा तोल आणि शुद्ध यांची खात्री नाही, त्याला दुचाकीवर बसवणे म्हणजे दुसऱ्या अपघाताला वाव देणे.

येथे सामना थांबण्याचे खरे कारण उभे राहिले. आमच्या संघाबरोबर मी एकटाच मोठा माणूस होतो. मी रुग्णवाहिकेतून गेलो असतो, तर चौदा मुले मैदानावर जबाबदार माणसाशिवाय राहिली असती. प्रथमोपचार येणारे दुसरे कोणी मैदानावर नव्हते, आणि कपाळाला मार लागलेला समोरचा मुलगाही अजून आत खेळत होता. हे मी पंचांना आणि आयोजकांच्या प्रतिनिधीला सांगितले. त्यांनी दुसऱ्या संघाच्या शिक्षकांशी बोलून सामना बंद केला. अहवालात मी लिहिले:

“खेळाडूला बाहेर ठेवण्याचा निर्णय माझा होता आणि तो १४व्या मिनिटालाच घेतला होता. सामना पुढे न चालवण्याचा निर्णय पंचांनी २४व्या मिनिटाला घेतला. खेळाडूसोबत मला जावे लागल्याने संघासाठी जबाबदार व्यक्ती व मैदानावर प्रथमोपचारक उरत नव्हता, ही परिस्थिती मी त्यांना सांगितली होती.”

या दोन नोंदींमधले दहा मिनिटांचे अंतर महत्त्वाचे आहे. ते दिसले की कोणाला असे म्हणता येत नाही की सामना १-१ असताना आम्ही दुखापतीचे निमित्त केले. तुमच्या बाबतीत तिसरा निर्णय कोणी आणि कशामुळे घेतला, हे आठवून लिहा. तुमच्या आग्रहामुळेच पंचांनी सामना बंद केला असेल, तर तेही स्पष्ट लिहा. समोरच्या मुलाचे डोकेही आदळले होते, हे त्याच्या शिक्षकांना सांगितले का, याचीही एक ओळ हवी. ती माझ्या पहिल्या मसुद्यात राहून गेली होती. गडबडीत ती हमखास राहते.

पालकांच्या प्रश्नाचे उत्तर अहवालात वादासारखे न लिहिता नोंदीसारखे लिहावे. सीटी स्कॅनमध्ये कवटीचे फ्रॅक्चर आणि मेंदूतला रक्तस्राव दिसतो. त्या दोन गोष्टी नाहीत, ही आनंदाची बातमी असते आणि ती तशीच सांगावी. पण कन्कशनमध्ये मेंदूचे काम बिघडते, त्याच्या रचनेत सीटीला दिसेल असा बदल सहसा झालेला नसतो. म्हणून नॉर्मल स्कॅनवरून कन्कशन झाले नव्हते, असे म्हणता येत नाही. मी पालकांशी बोलताना घरच्या रेडिओचा दाखला देतो. तो खाली पडला, खोक्याला तडा नाही, तरी स्टेशन नीट लागत नाही. याहून जास्त बोललात की तुम्ही डॉक्टरांच्या जागी बसता. उरलेले त्यांना डॉक्टरांकडून ऐकू द्यावे, आणि त्यासाठी तुमच्या अहवालाची प्रत डॉक्टरांपर्यंत पोहोचवावी, कारण मुलगा पडला तेव्हा तिथे ते नव्हते, तुम्ही होता.

लिहिण्याची वेळ त्याच दिवसाची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी दहा जणांचे बोलणे कानावर पडलेले असते आणि आपण पाहिलेले व ऐकलेले वेगळे करता येत नाही. तुम्हाला उशीर झाला असेल तर लिहिल्याची खरी तारीख टाका. एखाद्या पालकाच्या फोनमध्ये त्या क्षणाचे चित्रीकरण असेल, तर आधी स्वतःच्या आठवणीने लिहा, मग ते पाहा, आणि फरक दिसला तर मूळ मजकूर न खोडता खाली तारखेसह नवी नोंद करा. माझ्या आठवणीतले ‘चार-पाच सेकंद’ चित्रीकरणात सात निघाले. मी दोन्ही ठेवले. मुलाचे नाव आणि त्याचे वैद्यकीय कागद शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

अहवाल सामन्याच्या दिवशी बंदही करू नका. शेवटी ‘पुढील नोंदी’ म्हणून जागा सोडा. पहिले चोवीस ते अठ्ठेचाळीस तास साधारण विश्रांती, म्हणजे घरातली नेहमीची हालचाल चालेल, पण खेळ, पळापळ आणि तासन्‌तास मोबाइल नको. त्यानंतर आधी शाळा, मग खेळ. खेळात परतणे पायऱ्यापायऱ्यांनी, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि लक्षणे वाढली तर मागच्या पायरीवर. धक्काबुक्की किंवा हेडर असलेला सराव डॉक्टरांच्या लेखी परवानगीनंतरच. किती दिवस, याचा एकच आकडा सर्वत्र नाही. ब्रिटनच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना हौशी खेळाडूंना एकवीस दिवसांच्या आत सामना खेळू देत नाहीत. मी शाळकरी मुलांसाठी तोच आकडा धरतो आणि मुख्याध्यापकांना तसे लिहून देतो.

माझ्या त्या अहवालातल्या पुढील नोंदी अशा आहेत. तिसऱ्या दिवशी घराजवळ चालणे, डोकेदुखी नाही. पाचव्या दिवशी अर्धा दिवस शाळा. गणिताच्या तासाला फळ्यावरचे वाचताना डोके दुखले, वर्गशिक्षिकांनी घरी पाठवले. नवव्या दिवशी पूर्ण शाळा. अकराव्या दिवशी हलके धावणे, त्यानंतर चेंडूसह एकट्याचा सराव. एकोणिसाव्या दिवशी डॉक्टरांचे पत्र, सोबत जोडले आहे. विसाव्या दिवशी संघाबरोबर पूर्ण सराव. मुलाने स्वतः सांगितले की उजेडाचा त्रास होत नाही. चोविसाव्या दिवशी सामन्यात अठरा मिनिटे खेळला, आणि त्याच्या आईने त्या नोंदीखाली सही केली.